वडिलांच्या तक्रारीसाठी मुलाला दिलेले अधिकारपत्र: गोव्यातील बँक शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

डिचोली, गोवा
20 ऑगस्ट 2024

प्रति,
गोव्यातील सर्व बँकांचे शाखा व्यवस्थापक,

सादर नमस्कार.

माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत. ते सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले असून त्यांचे निवृत्तिवेतन आपल्यापैकीच एका बँकेच्या डिचोली तालुक्यातील शाखेत जमा होते. त्या बँकेचे नाव मी येथे घेत नाही, कारण या पत्राचा विषय ती एक बँक नाही. वृद्ध खातेदाराची तक्रार त्याच्या मुलाने पुढे न्यायची असेल तर त्याच्या हाती नेमका कोणता कागद हवा, आणि तो कागद समोर आल्यावर शाखेने काय करावे, एवढ्यापुरतेच मला लिहायचे आहे.

आधी प्रकरण सांगतो. 2 मे 2024 रोजी, गुरुवारी, वडिलांनी साखळी येथे दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून दहा हजार रुपये काढण्याचा प्रयत्न केला. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण बाहेर काहीच आले नाही. यंत्रातला कागद संपलेला असल्यामुळे पावतीही मिळाली नाही. घरी पोहोचेपर्यंत दहा हजार खर्ची पडल्याचा एसएमएस मोबाइलवर आलेला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाखेत गेले. तेथे त्यांना तोंडी सांगण्यात आले की पैसे आपोआप परत येतील, नाही आले तर या क्रमांकावर फोन करा. 6 मे रोजी त्यांनी फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि 13 मे रोजी "व्यवहार यशस्वी असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे" अशा अर्थाचा इंग्रजी एसएमएस आला. वडिलांचा मोबाइल बटणांचा आहे आणि इंग्रजी एसएमएस ते उघडत नाहीत. मला तो आठवडाभराने दिसला.

यानंतर मी जे केले ते चुकीचे होते, आणि अनेक मुले तेच करत असल्यामुळे ते कबूल करतो. मी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावला, पलीकडून खातेदाराचे नाव विचारले गेले, तेव्हा मी वडिलांचे नाव सांगितले आणि त्यांची जन्मतारीखही माझीच असल्यासारखी सांगून टाकली. हे संभाषण ध्वनिमुद्रित होते. उद्या प्रकरण वर गेले असते तर खातेदाराच्या नावाने भलताच माणूस बोलला, हीच गोष्ट बँकेच्या बाजूने उभी राहिली असती. पुढे मी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने, तीन पत्रे पाठवली. तिन्हींना एकच उत्तर आले: खातेदाराव्यतिरिक्त कोणालाही माहिती देता येत नाही.

त्या वेळी मला राग आला होता. आज मला ते उत्तर योग्य वाटते. खात्याची गोपनीयता हे बँकेचे कर्तव्य आहे, आणि मुलगा असणे म्हणजे अधिकार असणे नव्हे. म्हाताऱ्या आईबापांची खाती परस्पर रिकामी करणारे बहुतेक वेळा घरचेच असतात, हे आपण काउंटरवर माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले असेल. माझी तक्रार त्या नकाराबद्दल नाही. नकार देताना काय आणले म्हणजे चालेल हे कोणीच सांगितले नाही, आणि तो कागद आणल्यावर भलताच मोठा कागद मागितला गेला, याबद्दल आहे.

त्या तीन ईमेलांचा आणखी एक तोटा झाला. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 पासून लागू आहे. तिच्यानुसार खातेदाराने आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि बँकेने ती फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा तीस दिवस काहीच उत्तर दिले नाही, तरच लोकपालाकडे जाता येते. तक्रार खातेदार स्वतः करू शकतो किंवा त्याने लेखी नेमलेला प्रतिनिधी करू शकतो. हा प्रतिनिधी वकील असू नये, अशी अट आहे. म्हणजे मुलगा चालतो, मात्र तो लेखी नेमलेला असायला हवा. माझे तीन ईमेल ना वडिलांचे होते ना त्यांच्या प्रतिनिधीचे, त्यामुळे मे महिन्याचा उत्तरार्ध मी भरपूर लिहीत असूनही त्यांच्या भरवशावर तीस दिवस मोजता येत नव्हते.

7 जून रोजी मी साधे अधिकारपत्र घेऊन शाखेत गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांनी ते न वाचताच सांगितले की मुद्रांक कागदावर नोटरीकडून मुखत्यारपत्र करून आणा, नाहीतर वडिलांच्या खात्यात तुमचे नाव जोडून घ्या, म्हणजे प्रश्नच मिटेल. हे दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले असतील, पण मला ते धोक्याचे वाटतात. सर्वसाधारण मुखत्यारपत्राने मला वडिलांच्या वतीने पैसे काढण्यापासून ठेवी मोडण्यापर्यंत सगळे करता येईल, आणि नाव जोडले तर मी खातेदारच होईन. दहा हजारांच्या एका तक्रारीसाठी माणसाने आयुष्यभराच्या पैशांची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे बँकेनेच सुचवणे मला उलटे वाटते. लोकपाल योजनेच्या तक्रार अर्जातसुद्धा प्रतिनिधी नेमण्यासाठी खातेदाराच्या सहीचे साधे घोषणापत्र पुरते. रिझर्व्ह बँकेसमोर जे चालते त्याहून जड कागद शाखेत का लागावा?

घरी परतल्यावर ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी माझे पत्र दाखवले. त्यांनी ते वाचून एकच वाक्य काढले: "यात तुला काय करता येईल ते आहे, काय करता येणार नाही ते नाही." मग आम्ही ते पुन्हा लिहिले. वडिलांना वाचता यावे म्हणून मूळ पत्र मराठीत ठेवले आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडले, कारण ज्या भाषेतला मजकूर माणसाला नीट वाचता येत नाही त्यावर त्याची सही घेणे मला पटत नाही. नावे आणि क्रमांक वगळून तो मजकूर असा आहे:

"मी, खाली सही करणार, आपल्या शाखेतील बचत खात्याचा एकमेव खातेदार आहे. 2 मे 2024 रोजी एटीएममधून दहा हजार रुपये मिळाले नसताना माझ्या खात्यातून ती रक्कम वजा झाली, त्याबाबतची माझी तक्रार 6 मे 2024 रोजी नोंदवली गेली आहे. वयोमानामुळे मला वारंवार शाखेत येणे व पत्रव्यवहार करणे शक्य नाही. म्हणून या एकाच तक्रारीपुरता मी माझ्या मुलास प्रतिनिधी नेमत आहे. त्याने माझ्या वतीने बँकेकडे लेखी निवेदने द्यावीत, अधिकाऱ्यांशी चर्चा करावी, या व्यवहाराच्या नोंदींच्या प्रती व बँकेची उत्तरे स्वीकारावीत, रक्कम आणि विलंबाची नुकसानभरपाई या दोन्हींची मागणी करावी, आणि गरज पडल्यास बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे व रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे माझी तक्रार न्यावी.

या पत्राने त्याला माझ्या खात्यातून पैसे काढण्याचा, ठेव मोडण्याचा, धनादेश पुस्तक किंवा कार्ड घेण्याचा, मोबाइल क्रमांक, पत्ता वा नामनिर्देशन बदलण्याचा, किंवा तक्रार मागे घेऊन तडजोड करण्याचा अधिकार मिळत नाही. मिळणारी प्रत्येक रक्कम फक्त माझ्या याच खात्यात जमा करावी. त्याला पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत माझ्या पत्त्यावरही टपालाने पाठवावी. हे अधिकारपत्र तक्रार निकाली निघेपर्यंत किंवा आजपासून सहा महिने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत लागू राहील. मी ते केव्हाही लेखी रद्द करू शकतो. माझ्या मुलाच्या सहीचा नमुना खाली असून तो मी प्रमाणित करत आहे."

यातल्या दोन गोष्टी मूळ पत्रात नव्हत्या आणि पुढे त्याच कामी आल्या. नुकसानभरपाई हा शब्द नसता तर दहा हजार परत आल्यावर माझे काम संपले असे बँकेला म्हणता आले असते. तडजोडीचा अधिकार मी स्वतःहून काढून टाकायला लावला, कारण "आता सोडून द्या" असे म्हणण्याचा हक्क वडिलांचा आहे.

सहीचा प्रश्न राहिलाच होता. शाखेत वडिलांच्या सहीचा नमुना 1986 सालचा आहे. ते देवनागरीत सही करतात, आणि त्या काळी नावावरची शिरोरेघ ते सगळ्यात शेवटी, एका फटक्यात, डावीकडून उजवीकडे ओढत. आता हात थरथरतो. रेघ मध्येच खाली उतरते आणि एखाद्या अक्षराला छेदून जाते. 9 जूनच्या रात्री दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे त्यांनी अकरा वेळा सही करून पाहिली, आणि दोन सह्या एकमेकींसारख्या आल्या नाहीत. अशा वेळी घरी सही करून पाठवू नये. जुळत नाही म्हणून ती परत येते, आणि वर मुलानेच केली असावी असा संशय राहतो. 10 जूनला भर पावसात रिक्षा करून मी त्यांना एकदाच शाखेत नेले. त्यांनी अधिकाऱ्यांसमोर सही केली, अधिकाऱ्यांनी "माझ्यासमोर सही केली" असे लिहून शिक्का मारला, आणि त्याच फेरीत सहीचा नवा नमुनाही देऊन ठेवला. जे खातेदार अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्यासाठी बँकेच्या माणसाने घरी जाऊन ही सही किंवा अंगठा घ्यावा. आजारी व असमर्थ खातेदारांचे पैसे काढताना, दोन स्वतंत्र साक्षीदार आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, या पद्धतीने अंगठा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने कधीच घालून दिली आहे. पैसे काढायला जे चालते ते तक्रार करायला चालू नये याला कारण दिसत नाही.

गोव्यात आणखी एक अडचण येते, ती बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. वडिलांचा जन्म 1945 चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. जन्मनोंदीत आडनावाचे स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे आहे, पासबुकावर तेच उतरले आहे, आणि आधार कार्डावर मात्र आजचे इंग्रजी वळण आहे. माझ्या सर्व कागदांवर हे दुसरे स्पेलिंग आहे. काउंटरवरून पाहिले तर बाप आणि मुलगा वेगळ्या आडनावांचे दिसतात. अधिकारपत्रात पासबुकावरचेच स्पेलिंग लिहावे आणि खाली एका ओळीत "आधार कार्डावर हेच नाव अमुक प्रकारे लिहिलेले आहे, दोन्ही व्यक्ती एकच" असे नमूद करावे. आम्ही तसे केले आणि प्रश्न आला नाही. आधारची प्रत देताना शेवटचे चार अंकच दिसतील अशी दिली.

अधिकारपत्रासोबत माझे स्वतःचे एक सहपत्र होते. या दोन कागदांची सरमिसळ होऊ नये. अधिकारपत्र वडिलांच्या तोंडचे आणि वडिलांच्या सहीचे, तर सहपत्र माझे, आणि त्यात फक्त काय घडले, काय हवे आणि काय जोडले एवढेच. माझ्या पहिल्या मसुद्यात वडिलांची प्रकृती, त्यांची चाळीस वर्षांची शिक्षकी आणि बँकेवरचा विश्वास यांवर दीड पान होते. ते सगळे काढले. उरलेला मजकूर असा:

"सोबतच्या अधिकारपत्रानुसार खातेदाराचा प्रतिनिधी म्हणून हे निवेदन देत आहे. 2 मे 2024 रोजीच्या व्यवहारात रोख रक्कम मिळालेली नाही. पासबुकातील त्या दिवसाची नोंद व आलेला एसएमएस जोडला आहे. तक्रार 'व्यवहार यशस्वी' या शेऱ्याने बंद करण्यात आली, परंतु हा निष्कर्ष कोणत्या नोंदीवरून काढला ते कळवलेले नाही. तरी एटीएम चालवणाऱ्या बँकेकडून त्या व्यवहाराचा ईजे लॉग, त्या दिवशीच्या रोकड ताळेबंदात जादा रक्कम आढळली किंवा नाही याचा अहवाल, आणि सीसीटीव्ही चित्रण मागवून तक्रार पुन्हा तपासावी. चित्रण पुसले जाऊ नये म्हणून ते जतन करण्यास आजच कळवावे. रक्कम व नियमानुसार विलंबाची भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करावी. या निवेदनाची पोच तारीख, सही व शिक्क्यासह दुसऱ्या प्रतीवर द्यावी."

ईजे लॉग म्हणजे यंत्राची स्वतःची रोजनिशी. कार्ड कधी आत गेले, किती नोटा मोजल्या, त्या दारापर्यंत आल्या की नाही, हे त्यात टप्प्याटप्प्याने उमटते. खातेदाराच्या बँकेला मात्र सुरुवातीला फक्त दोन बँकांमधला संदेश दिसतो, आणि तो "यशस्वी" असू शकतो, कारण रक्कम वजा करण्याचा निरोप खरोखरच यशस्वीपणे पोहोचलेला असतो. नोटा बाहेर पडल्या का, हे त्या निरोपातून कळत नाही. म्हणून केवळ त्या शब्दावर तक्रार बंद होणे म्हणजे ती तपासलीच न जाणे होय. एटीएम दुसऱ्या बँकेचे होते, तिकडे जा, असेही आम्हाला एकदा ऐकवले गेले. पण ज्या बँकेचे कार्ड, तिच्याकडेच तक्रार करायची असते. दुसऱ्या बँकेकडून नोंदी मागवणे हे तिचे काम आहे.

10 जूनला शिक्का मिळाला आणि 26 जूनला दहा हजार रुपये खात्यात जमा झाले. भरपाईचा मात्र पत्ता नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार एटीएममधून रोकड न मिळता खाते खर्ची पडले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत करायची असते, आणि त्यापुढच्या विलंबाला दररोज शंभर रुपये द्यायचे असतात. ते खातेदाराने मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायचे आहेत. 2 मेपासून पाचवा दिवस 7 मे, म्हणजे गोव्यातल्या लोकसभा मतदानाचा दिवस. तो दिवस सुट्टीचा धरून सूट मिळेल असे शाखेतल्या एका सद्गृहस्थांना वाटत होते, पण परिपत्रकात व्यवहाराचा दिवस कॅलेंडरच्या तारखेनेच मोजायला सांगितला आहे. 8 मे ते 31 मे चोवीस दिवस, जूनचे सव्वीस, एकूण पन्नास दिवस, म्हणजे पाच हजार रुपये. 1 जुलै रोजी हा हिशेब दोन ओळींत लिहून, त्याच अधिकारपत्राची प्रत जोडून, दुसरे सहपत्र दिले. 24 जुलैला पाच हजार जमा झाले.

आपल्याला माझी विनंती या अनुभवापुरतीच आहे. असे मर्यादित अधिकारपत्र समोर आले तर ते वाचा. खात्री करायची असेल तर खातेदाराच्या नोंदणीकृत मोबाइलवर फोन करून "हे पत्र तुम्हीच दिले का, मुलगा तुमच्या इच्छेने आला आहे का" एवढे त्याला एकट्याला विचारा. माझ्या वडिलांना असा फोन आला होता, आणि त्याचा त्यांना आनंदच झाला. पत्रात वरच्यासारख्या मर्यादा नसतील तर त्या घालून आणायला सांगा, मात्र मुखत्यारपत्राकडे वळवू नका. मूळ पत्र तक्रार क्रमांकाला जोडून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्या टेबलावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. प्रधान नोडल अधिकाऱ्यांचे नाव व संपर्क शाखेत लावणे योजनेनुसार बंधनकारक आहे. आमच्या शाखेत तो फलक पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रामागे होता.

या कागदाची एक मर्यादा मुलांनीही लक्षात घ्यावी आणि आपणही त्यांना सांगावी. खातेदाराचे निधन झाले किंवा त्याची समज गेली की भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 201 नुसार असे प्रतिनिधित्व संपते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईकडून घाईघाईने अंगठा घेऊन आणलेले पत्र आपण नाकारलेत तर ते बरोबरच आहे. म्हणून हा कागद आईवडील स्वतः वाचू, समजू आणि नाही म्हणू शकतात तेव्हाच व्हायला हवा. आमचे पत्र होताना वडिलांनी एका शब्दाला नाही म्हटलेही. माझ्या मसुद्यात "असहाय" होते, त्यांनी ते खोडून "वयोमानामुळे" लिहिले.

29 जुलैला मी शेवटचा एक कागद शाखेत दिला. त्यात वडिलांच्या हातच्या तीन ओळी आहेत: रक्कम व भरपाई मिळाली, तक्रार निकाली निघाली, सबब मुलाला दिलेला अधिकार आजपासून रद्द समजावा. काउंटरवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि असा कागद आपल्याकडे कोणी आणून देत नाही असे म्हणाल्या. पोच मी मागितली, आणि त्यांनी शिक्का मारून दिली.

आपला विश्वासू,
एका खातेदाराचा मुलगा